पंचेचाळीस किलोंचा कंदील

आमच्या सोसायटीत दिवाळीला एकच मोठा कंदील लागतो. ए आणि बी विंग समोरासमोर, सी विंग तिसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोकळ्या जागेवर हा कंदील हवेत. खाली खांब नाही. तीन गच्च्यांच्या कठड्यांत तीन हुक आहेत, तिथून तीन वायर रोप निघतात आणि एका लोखंडी कडीत येऊन मिळतात. कडीखाली कंदील. तुम्ही लहान असताना एका दिवाळीला आला होतात, तेव्हा त्याच्याखाली उभं राहून फोटो काढले होते.

तो कंदील तुमच्या आजोबांनी उभा केला. रबाळ्याच्या कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य जड वस्तू उचलण्यात गेलं. क्रेनचे हुक, साखळ्या, रोप, हेच त्यांचं काम. कंदिलाचा सांगाडा त्यांनी तिथल्याच एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घेतला आणि दिव्यांसकट काट्यावर चढवला. पंचेचाळीस किलो भरला. मी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिक्स शिकवायचे. त्यामुळे कोणत्या रोपवर किती ताण येतो हे गणित आमच्या घरात नेहमी दोनदा व्हायचं, एकदा त्यांच्या पद्धतीने आणि एकदा माझ्या.

गणित अवघड नाही, नीट मांडलं तर. कडी म्हणजे एक बिंदू समजायचा. प्रत्येक रोप कडीला फक्त आपल्या दिशेने ओढतो. रोप ढकलू शकत नाही. कडी जागची हलत नाही, म्हणजे डावीकडची ओढ उजवीकडच्या ओढीइतकी असली पाहिजे, पुढची मागचीइतकी असली पाहिजे, आणि तिघांची वरची ओढ मिळून कंदिलाचं वजन झालं पाहिजे. तीन समीकरणं, तीन अज्ञात ताण. कडीपासून प्रत्येक हुक किती बाजूला, किती पुढे-मागे आणि किती वर, एवढं मोजलं की पुरे.

आमचं भांडण पुढच्या पायरीवर. मी पोरांना सांगायचे, आधी रोपच्या लांबीने भागा, म्हणजे नुसती दिशा उरते, आणि उत्तर सरळ ताणच येतं. हे म्हणायचे, "कशाला? भागाकार करायचाच नाही. मीटरमागे किती ओढ ते काढायचं, मग लांबीने गुणायचं. दोन ओळींत काम." दोन्ही बरोबर. त्यांची रीत जास्त चटकन होते हेही खरं, फक्त शेवटचा गुणाकार विसरता कामा नये. मी हे म्हटलं की ते म्हणायचे, "तू पोरं पास केलीस, मी लोखंड उचललंय."

गेल्या दोन वर्षांत ते बरंच विसरू लागले होते. चहा घेतला की नाही, आज कोणता वार, शेजारच्यांचं आडनाव. एकदा भाजी आणायला गेले आणि सेक्टरच्या कोपऱ्यावर उभेच राहिले. तुमची आई फोनवर सारखी म्हणायची, "आई, तू बाबांना डॉक्टरांकडे ने." मी म्हणायचे, "वय आहे गं. डोकं शाबूत आहे त्यांचं. अजून तीन समीकरणं तोंडी सोडवतात." मी स्वतःचं समाधान असंच करून घेत होते. नावं जाऊ देत, वार जाऊ देत. जोवर गणित बरोबर आहे तोवर हे आपले आहेत, असं मी मनाशी धरून ठेवलं होतं. वर्तमानपत्रातल्या कोड्यांकडे ते बघेनासे झाले तेव्हाही मी म्हटलं, कंटाळले असतील.

यंदा दिवाळीच्या थोडं आधी एका सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. चाळिशीचा हसरा माणूस, विनोद केल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

"काका, यावर्षी कंदील तीन मीटर वर घ्यायचाय. फायर ब्रिगेडची गाडी आत यायला जागा पाहिजे म्हणतात. रोप पण गंजलेत, नवीनच घेतो. किती ताकदीचे घेऊ ते तुम्ही सांगा, मी दुकानात जातो."

हे खूश झाले. मला म्हणाले, "अगं, कागद दे." डायनिंग टेबलवर बसले. आधी कडीपासून हुक सहा मीटर वर होते, आता तीनच राहणार. रोप जितके आडवे होतील तितका ताण वाढतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. उलट तेच सेक्रेटरींना सांगत होते. "कपडे वाळत घालायची दोरी बघितलीस? जेवढी ताठ बांधशील तेवढी लवकर तुटते. गेल्या वर्षी ताण पस्तीस, पस्तीस, पंचवीस किलो होते. आता बघ कसे चढतात."

मी समोर मटार सोलत बसले होते. कागद मला उलटा दिसत होता, पण त्यांचं अक्षर मला कसंही वाचता येतं. ए विंग: बारा, चार, तीन. बी विंग: उणे बारा, चार, तीन. सी विंग: शून्य, उणे आठ, तीन. अगदी बरोबर. खाली तीन समीकरणं, एकही चिन्ह चुकलं नाही. माझ्या मनात आलं, बघ, उगाच घाबरतेस. आणखी दोन ओळींत उत्तर निघालं. पाच, पाच, पाच. मीटरमागे पाच किलो. आता फक्त लांबीने गुणायचं होतं. ए आणि बीचे रोप बरोबर तेरा मीटर, सीचा साडेआठच्या जरा वर.

त्यांनी पाचाखाली दोन रेघा मारल्या आणि पेन्सिल ठेवली.

"झालं. पाच-पाच किलो."

सेक्रेटरी जोरात हसले. "काय काका! मग सुतळीच आणतो की, वायर रोप कशाला?"

"आण ना," हे म्हणाले. चेहऱ्यावर विनोदाचं काही नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, लांबी?"

"लांबी काय?"

"लांबीने गुणायचं राहिलं."

"तुझं ते लांबी-लांबी वर्गात चालतं," ते म्हणाले, पण नेहमीसारखं चिडवत नाही. खरंच चिडून.

मी आवाज चढू दिला नाही. "बरं, राहू दे लांबी. पाच, पाच आणि पाच, पंधरा. तिघेही सरळ वर ओढत असते तरी पंधराच. आणि कंदील पंचेचाळीस किलोंचा. उरलेले तीस कोणी धरलेत?"

हा प्रश्न माझा नव्हता. लग्नानंतर त्यांनीच मला शिकवलेला. उत्तर आलं की आधी बेरीज कर, ताणांची बेरीज वजनापेक्षा कमी आली तर कागद फाडून टाक. कारखान्यात नव्या पोरांना ते हेच सांगायचे, एवढं मला माहीत होतं.

ते कागदाकडे बघत राहिले. बोटाने बेरीज केली. पुन्हा केली. मी वाट पाहत होते की आता कपाळावर हात मारतील आणि म्हणतील, "च्यायला, गुणलंच नाही." मला ते वाक्य इतकं ऐकायचं होतं की मी मटारची शेंग हातात तशीच धरून ठेवली.

त्यांनी खोडरबर घेतलं. उत्तराला हात लावला नाही. वर, पहिल्या ओळीत, जिथे कंदिलाचं वजन लिहिलं होतं, तिथलं पंचेचाळीस खोडलं आणि पंधरा लिहिलं. कागदावरची धूळ फुंकून कागद माझ्याकडे सरकवला.

"वजन चुकलं होतं," म्हणाले. "आता बसतं."

सेक्रेटरींचं हसणं थांबलं. कंदील तोलला तेव्हा तेही त्या वर्कशॉपमध्ये काट्यापाशी उभे होते.

तुमच्या आजोबांनी आयुष्यात कधी वजन बदललं नाही. उत्तर जुळत नाही म्हणून वजन बदलणाऱ्या एका माणसाला त्यांनी कारखान्यातून काढायला लावलं होतं. खाली माणसं उभी असतात, म्हणायचे. मला शेवटचा गुणाकार राहिल्याचं एवढं काही वाटलं नसतं. मीही विसरले असते एखाद दिवस. पण पंचेचाळीस किलो जिथे खोडले गेले तिथे माझा माणूस बसलेला नव्हता.

ते उठून बाल्कनीत गेले. मी दुसरा कागद घेतला आणि माझ्या रीतीने मांडलं: आधी लांबीने भागाकार, मग तीन समीकरणं. ए पासष्ट, बी पासष्ट, सी त्रेचाळीसच्या थोडा आत. वरची ओढ प्रत्येकी पंधरा, एकूण पंचेचाळीस. मी सेक्रेटरींना म्हटलं, "पासष्टच्या पाच-सहापट ताकदीचा रोप घ्या, तिन्हीकडे तोच. आणि कठड्याचे हुक फॅब्रिकेटरकडून तपासून घ्या, त्यांच्यावरची ओढ ए-बीकडे जवळजवळ दुप्पट होणार आहे."

"काकू," त्यांनी हळूच विचारलं, "काकांना मी काय सांगू?"

"काही सांगू नका."

कंदील लागला त्या संध्याकाळी आम्ही खाली गेलो. दरवर्षीसारखा हिशेबाचा कागद नोटीस बोर्डावर लावला होता. आजवर त्यावर त्यांची सही असायची. यंदा माझा कागद होता, सहीशिवाय. मला सही करवली नाही. हे चष्मा पुसून वाचू लागले. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. मी शेजारी उभी राहून श्वास मोजावा तसं ते बोट पाहत होते.

"बरोबर आहे," शेवटी म्हणाले. "पासष्ट, पासष्ट, त्रेचाळीस. चोख आहे. पण आधी भागत बसलेत. कोणी शिकवणाऱ्या बाई दिसतात."

मी म्हटलं, "हो. शिकवायच्या."

"त्यांना सांग, शेवटी गुणायचं. लवकर होतं."

"सांगते."

मग ते बाहेर आले आणि वर पाहू लागले. पोरं फुलबाज्या घेऊन पळत होती, कुणी लाडू वाटत होतं. ते मात्र कंदिलाकडे बघत नव्हते. नजर एका रोपवरून हुकापर्यंत जायची, परत कडीवर यायची, मग दुसऱ्यावर. पूर्वीसारखीच. काय आठवत होतं, काय नव्हतं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पहिल्यांदाच मला त्यांचं उत्तर ऐकायची भीती वाटली.

घरी आल्यावर मी तुमच्या आईला फोन लावला. तुमच्याकडे परदेशात तेव्हा दुपार होती, ती कामात होती. मी म्हटलं, "तू म्हणत होतीस ना डॉक्टरांबद्दल. वेळ घे. मी नेते त्यांना."

ती म्हणाली, "काय झालं, आई? पडले का?"

मी म्हटलं, "नाही गं. गणित चुकलं." आतल्या खोलीत हे विचारत होते, दिवाळी कधी आहे.