भिंतीतला दणका

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिचं करायला माहेरी जाऊन राहिले. आमचं घर शेतातच, चौसाळ्यापासून आत. वर माळावर वडिलांनी बांधलेली टाकी. विहिरीचं पाणी तिच्यात चढवायचं आणि तिथून एकच पाइपलाइन उताराने खाली यायची. वाटेत घराला एक फाटा, शेवटी बांधापाशी दोन कॉक. एक थोरल्या भावाच्या मोसंबीला, एक धाकट्याच्या. वडील होते तोवर ती एकच बाग होती, बांध नंतरचा.

घराच्या फाट्याचा लोखंडी पाइप आईच्या खाटेमागच्या भिंतीवरून गेलेला. पहिल्याच दुपारी तो असा दणाणला की माझ्या हातातलं ताट खाली पडलं. आई छताकडे बघत होती. ती म्हणाली, "थोरल्याची पाळी सपली."

पाळी बदलायची वडिलांची एक रीत होती. आधी दुसऱ्या बाजूचा कॉक उघडायचा, मग या बाजूचा मिटायचा, तोही चक्र हळूहळू फिरवत. आम्हा तिघांना त्यांनी हे समजावलं होतं. माळावरून टाकीचं पाणी पाइपभर धावत येतं. उतारावरची भरली बैलगाडी एकदम अडवली तर मागचं सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं, तसं पाणी एकदम अडवलं की त्याचा सगळा नेट पाइपावर येतो. तो धक्का उलट टाकीकडे जातो, परत येतो, असा लाइनीत हेलकावत राहतो. पाइप जिथे सैल असेल तिथे भिंतीवर आपटतो आणि सांधा जिथे कच्चा असेल तिथे तुटतो.

पण वडिलांच्या रीतीत थोडा वेळ दोन्ही कॉक उघडे असतात, आणि तेवढ्यात एकाच्या पाळीचं पाणी दुसऱ्याला जातं. बाप गेल्यावर माझ्या भावांना तेवढंही सोसेना. दोघांनी चक्राचे कॉक काढून दांडीचे बसवले. हाताचा एक झटका, की पाणी बंद. एक जण झटक्यात मिटायचा, दुसरा शेजारी उभा राहून ते मिटल्याची खात्री करायचा, आणि मगच आपला उघडायचा. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच.

मी चौसाळ्याहून फिटर बोलावला. त्याने भिंतीवरचा पाइप रबराचे तुकडे घालून घट्ट आवळला. फाट्यावर एक हातभर पाइप उभा जोडला आणि त्याचं वरचं तोंड टोपणाने बंद केलं. आत कोंडलेली हवा धक्क्याने दबते आणि मार झेलते, म्हणाला. मात्र ती हवा हळूहळू पाण्यात जिरते, म्हणून अधूनमधून पाणी काढून तो पाइप रिकामा करायचा. निघताना त्याने मला बजावलं, "भिंतीचा आवाज कमी व्हईल ताई. पण बांधावरचा मार चालूच ऱ्हाणार. तितं चक्राचे कॉक बसवा, आन् सावकाश मिटा."

मी दोघांना सांगितलं. थोरला म्हणाला, आधी त्याला बसवू दे. धाकटाही तेच म्हणाला. बांधापाशी हवेचा मोठा पाइप उभा करायचा विषय काढला, तर तो कुणाच्या जमिनीत यावर वाद झाला. मला दोघांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लहानपणी दिल्या होत्या, तेव्हा उपयोग झाला होता.

त्यानंतर दणक्याचा नुसता धप्प असा आवाज येई. आई तोही ओळखायची.

ऐन उन्हाळ्यात लाइन फुटली, नेमकी बांधाखाली. सकाळी टाकी रिकामी आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना चिखल. खोदायचं तर बांध फोडावा लागणार होता. तो दोघांचा होता, म्हणून कुणाचाच झाला नाही. ज्याच्या झटक्याने फुटली त्याने खोदावं, असं दोघंही म्हणत राहिले. टाकीखालचा कॉक बंद केला, तसा घराचा नळही गेला. मी हापशावरून घागरी आणू लागले. मोसंबीची पानं आधी वळली, मग गळली. आठवडे गेले, तरी कुदळ कुणी उचलली नाही. वडिलांनी कलमं खांद्यावरून आणली होती. फांद्या नुसत्या काड्या झालेल्या बघून मी बागेकडे जायचंच सोडलं.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या खोलीतून बाग दिसत नसे.

एकदा मी तिचं अंग पुसत होते. तिने हात मागे नेला आणि भिंतीवरच्या पाइपाला लावून बराच वेळ तसाच ठेवला.

"लई दिस झाले, दणका न्हाई," ती म्हणाली. "पोरं बापावानी सावकाश मिटायला लागली व्हय?"

मी फडकं पिळलं आणि व्हय म्हणाले.

"मंग झालं," आई म्हणाली. "मोसंबी आली की त्यास्नी म्हणावं, पयलं फळ मला द्या."