बन्सी शिंप्याचं अंदाजपत्रक

आमच्या गावात बन्सी शिंप्यासारखा नेटका माणूस झाला नाही. सदऱ्याचं काज करायला लोक वेळ लावतात, हा टिंब द्यायलाही वेळ लावायचा. म्हणूनच भैरवनाथ ट्रस्टनं त्याला खजिनदार केला. शिंप्याच्या घरात असला मान पहिल्यांदाच आलेला. त्याची बायको झुंबरबाई विहिरीवर सांगायची, "आमचे खजिनदार अजून जेवले न्हाईत." बायका पदराआड हसायच्या.

एकाहत्तर सालची यात्रा. कुस्त्यांना पैसा नव्हता. अध्यक्ष सहादेव पाटील म्हणाला, "पारनेरच्या गोरक्षनाथशेठला पत्र लिही. तेलगिरणी जोरात हाय त्याची. हँडबिलावर 'यांच्या सौजन्याने' छापू."

बन्सीनं पत्र लिहिलं. वर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, खाली ठरावाची तारीख आणि सोबत खर्चाचं अंदाजपत्रक: कुस्त्यांची बक्षिसं चारशे, मांडव नव्वद, लाऊडस्पीकर पंचेचाळीस, हँडबिलं तीस, सत्कार पंचेचाळीस. एकूण सहाशे दहा. इथं थांबला असता तर ही गोष्ट नसती. पण त्यानं सत्काराचीही फोड केली: पंचायत समितीच्या सभापतींची शाल अठ्ठावीस रुपये, देणगीदारांची शाल नऊ रुपये, नारळ-हार आठ रुपये.

आम्ही पाचही विश्वस्तांनी न वाचता सह्या ठोकल्या. पत्र द्यायला बन्सीबरोबर मी गेलो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहायला मिळालं.

शेठ गादीवर बसून वाचत होते. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मागल्या निवडणुकीत याच सभापतीनं त्यांना पाडलेलं, हे सगळ्या तालुक्याला माहीत.

"खजिनदार, ही नऊ रुपयांची शाल कसली असती?" शेठनं गोड आवाजात विचारलं.

बन्सीला वाटलं, कापडाची चौकशी आहे. तो खुलला. "मिक्स असती शेठ. सूत जास्त, लोकर थोडी. एका धुण्यात आटती."

"आन् सभापतीची?"

"ती शुद्ध लोकर. धा-बारा वर्सं हालत न्हाई."

मी त्याचा सदरा ओढला. तो म्हणाला, "थांबा की, शेठ विचारत्यात."

गिरणीतले हमाल, दिवाणजी, सगळे गोळा झाले. शेठ हसले, आणि मग दाराशी पडलेल्या पेंडीच्या रिकाम्या पोत्याकडं बघून म्हणाले, "सहाशे धा पुरे देतो. माझा सत्कार नको. मीच तुमच्या खजिनदाराचा करीन, आखाड्यात, ह्या पोत्याच्या शालीनं. शिवून मात्र त्यानंच आनायची. शिंपी हाय ना."

त्याच संध्याकाळी देवळात बैठक झाली. सहादेव म्हणाला, "मी कागद वाचला न्हवता." बाकीच्यांनीही वाचला नव्हता. बन्सी म्हणाला, "सह्या हायेत तुमच्या."

"सह्या काय, पोस्टमनलाबी करतो," सहादेव म्हणाला. "बन्सी, तुझ्या खांद्यापायी पाच गावांच्या कुस्त्या मोडायच्या का? घटकाभराचा परश्न."

बन्सी माझ्याकडं बघत राहिला. गिरणीत मी शेजारी होतो ना. मी म्हणालो, "पोतं धुऊन घे म्हंजे वास येनार न्हाई." हशा झाला. माझ्या बोलण्याला हशा यायचाच.

यात्रेच्या दिवशी आखाड्याला गर्दी मावेना. लाऊडस्पीकरवर नाव पुकारलं, खजिनदार बन्सी. तो आला, हातात घडी घातलेलं पोतं घेऊन. धुतलेलं, चारी बाजूंनी दुमडून टीप मारलेली, कोपरे काटकोनात. एवढं नेटकं पोतं जिल्ह्यात कुणी पाहिलं नसेल. शेठनं ते उलगडून लोकांना दाखवलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं. लोक शिट्ट्या मारू लागले. एका पैलवानानं त्याला उचलून चारी बाजूंना फिरवलं. बायकांच्या बाजूला झुंबरबाई होती. कुणीतरी तिला म्हणालं, "खजिनदार जेवले का गं?" ती उठून गेली. बन्सी मात्र बक्षिसांचे लखोटे वाटून होईपर्यंत थांबला. ते काम खजिनदाराचं होतं. पोतं काढून ठेवायचंही त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो देवळात आला. वही, पत्र्याची पेटी, किल्ली सहादेवपुढं ठेवली आणि वर राजीनामा.

"लेखी कशाला आनलास? तोंडी चाललं असतं," सहादेव म्हणाला. बन्सी वळला, तशी सहादेवनं हाक मारली. "आरं, शेठला आभाराचं पत्र जायला पायजे. तेवढं लिहून दे. आमच्यात तुझ्यासारखा हात कुनाचा हाय?"

बन्सी खाली बसला आणि त्यानं पत्र लिहिलं. 'आपण केलेल्या सहकार्याबद्दल ट्रस्ट आपला ऋणी आहे', सगळं रीतसर, एक खाडाखोड नाही. शेवटच्या ओळीशी येऊन टाक थांबला.

"खजिनदार म्हनून नाव कुनाचं घालू?"

सहादेवनं माझ्याकडं बोट केलं. बन्सीनं माझं नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि सहीसाठी कागद माझ्याकडं सरकवला. या खेपेला मी सगळा वाचून सही केली.