केसाळ टोपी आणि लाल रेघा

माझ्या बायकोचं यूट्यूबवर चॅनल आहे. सिल्वासात आलेल्या आम्हा खानदेशी लोकांनी इथल्या भाज्या आपल्या पद्धतीने कशा रांधाव्या, हे ती बाजारात, नदीकाठी फिरत फिरत सांगते. बघणारे मोजकेच, पण फार चोखंदळ. राखोलीच्या पुलाजवळ दमणगंगेच्या काठी केलेल्या पहिल्या व्हिडिओखाली तीन प्रतिक्रिया आल्या आणि तिन्ही वाऱ्याबद्दल. एकाने लिहिलं होतं, 'ताई, तुमच्यापेक्षा वाराच जास्त बोलतोय.'

"आणखी एकदा करू," ती म्हणाली. "या खेपेलाबी आवाज नीट आला नाही, तर बंद." ती बंद म्हणाली की बंद होतं, हे मला ठाऊक आहे. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून डोकमर्डीच्या आमच्या दोन खोल्यांत तिला हसताना मी पाहिलं होतं ते या चॅनलपायीच. त्यामुळे आवाजाची जबाबदारी मी घेतली. खरं सांगायचं तर कोणी दिली नव्हती.

छातीला लावायचा बिनतारी माईक आणला. एक चिमटा पदराला लावायचा, दुसरा तुकडा मोबाईलला जोडायचा. माईकसोबत स्पंजची छोटी टोपी होती. मंद वाऱ्यात तेवढी पुरते, नदीवर नाही. जोराच्या वाऱ्याला लांब केसांची टोपी लागते. वारा त्या केसांतच अडून विरतो आणि आत माईकपाशी हवा शांत राहते. ती टोपी डब्यात नव्हती. पण मी सोळा वर्षं धाग्याच्या कारखान्यात काढलेला माणूस. केसाळ वस्तू विकत आणणं मला कमीपणाचं वाटलं.

आमच्या खात्यात धाग्याला पीळ देऊन फुगवणारी यंत्रं चालतात. तिथला टाकाऊ धागा मूठभर आणला आणि माईकवर बॉबिन भरतात तसा घट्ट, थरावर थर गुंडाळला. सैल गुंडाळलेला धागा म्हणजे आमच्याकडे दोष, त्यावर मेमो निघतो. माईक रेशमाच्या कोशासारखा झाला. गच्चीवर पंखा लावून बायकोला बोलायला सांगितलं आणि रेकॉर्डिंग ऐकलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. मी खूश.

तिने ऐकलं आणि म्हणाली, "हे तर गोधडीत तोंड घालून बोलल्यागत वाटतंय."

"स्वच्छ आहे की," मी म्हणालो. "तुझ्याच कानांत काही असेल."

शेजारणीला ऐकवलं. तीही गोधडीच म्हणाली. दोघी बायका एकीकडे झाल्यावर माणसाने माघार घ्यावी. मी बाजारातून खरी केसाळ टोपी आणली, उंदराच्या पिलाएवढी, आणि आत स्पंज ठेवून वर चढवली. मग ऐकलं, तर मला आधीच्या आणि आताच्या आवाजात तिळमात्र फरक वाटला नाही. बायको मात्र म्हणाली, "आता कसं मोकळं आलं." मी मनात म्हटलं, टोपीवाल्याने हिला फसवलं.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा राखोलीला गेलो. माईक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावला, मंगळसूत्र त्याच्यावर आपटू नये म्हणून ते पदराआड घातलं आणि तिला वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं. टोपीवर बोट घासलं तेव्हा मोबाईलच्या पडद्यावरची आवाजाची रेघ उडाली, म्हणजे मोबाईल स्वतःचा माईक सोडून याच माईकचं ऐकत होता. मग तिला म्हटलं, "बोल एक ते दहा." तिने मोजलं. रेघ हिरव्यातून थेट लालमध्ये गेली. लाल म्हणजे आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. मी माईकची पातळी कमी केली.

काठावर एक आदिवासी मावशी पापडीच्या शेंगा घेऊन बसते. बायको तिच्याशी बोलायला लागली आणि रेघ पार तळाला. मी पातळी वाढवली. रेघ हिरव्याच्या मध्यावर छान नाचू लागली. एक इअरफोन माझ्या कानात होता, पण माझा भरवसा कानापेक्षा डोळ्यांवर. कारखान्यातही आम्ही मशीनचं दुखणं बघून ओळखतो, ऐकून नाही. तिथे ऐकायचं काही नसतंच, नुसता गडगडाट. बोलायचं तर एकमेकांच्या कानात ओरडायचं, नाहीतर हाताने खुणा करायच्या. कानात घालायची बोंडं कंपनी देते. ती आम्ही गळ्यात अडकवतो आणि तपासणीला पाहुणे आले की कानात घालतो.

"मावशी काय म्हणाली?" मी मागून विचारलं.

"ओवा घालून शिजवते म्हणाली," बायकोने सांगितलं. रेघ लाल.

"अगं, आवाज एकसारखा ठेव. मध्येच काय ओरडतेस?"

"मी कुठं ओरडली?" पुन्हा लाल.

असं पाच-सहा वेळा झालं. मी वैतागलो. एवढा खटाटोप केला, वाऱ्याला अडवलं, आणि घरच्याच माणसाने घात करावा. परतताना गाडीवर मी तिला आवाजाच्या पातळीवर व्याख्यान दिलं. ती मागे गप्प बसली होती. निदान मला तसं वाटलं.

घरी मोबाईलवर तुकडे कापायला बसलो. आवाजाची नक्षी पडद्यावर आडवी पसरते. मावशीशी बोललेलं सगळं मऊ, लहान टेकड्यांसारखं. मध्येमध्ये उंच, माथा कापल्यासारखे सपाट खांब, तेच फाटलेले. एकेक खांब उघडून ऐकायला लागलो. 'ओवा घालून शिजवते.' 'मी कुठं ओरडली.' 'हो, इकडे बघते.' 'पाणी पिशवीत आहे.' मावशीला दिलेलं उत्तर त्यात एकही नव्हतं. शेजारून गेलेल्या बाईला 'बऱ्या आहात ना?' विचारलेलंही नव्हतं. झाडून सगळे खांब मला दिलेल्या उत्तरांचे होते. पहिल्या चाचणीत तिने एक ते दहा मोजले, तेही माझ्यासाठीच.

मग मऊ टेकड्या ऐकल्या. इअरफोन दोन्ही कानांत, आवाज शेवटपर्यंत वाढवून. तेव्हा कुठे ऐकू आलं. मावशीशी ती इतक्या हळू, इतक्या निवांत बोलत होती. लग्नाच्या वेळी तिचा आवाज असाच होता. मी समजत होतो की वयाप्रमाणे बाई करडी होत गेली. फार लाज वाटली.

तिला विचारलं, "माझ्याशी मोठ्याने बोलतेस?"

"मग तुमले आयकू येत नाही ना," ती म्हणाली. तक्रार नव्हती. भाजीला मीठ लागतं म्हणावं तितक्या सहज.

"कधीपासून?"

"झालं असतील सात-आठ वर्षं. आधी म्हनत व्हते मी. तुम्ही म्हनाले तुझाच आवाज बसलाय."

फाटलेले तुकडे दुरुस्त होणार नव्हते, म्हणून कापून टाकले. म्हणजे स्वतःलाच कापून टाकलं. व्हिडिओ छोटा झाला आणि चांगला झाला. वाऱ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. एकीने लिहिलं, 'ताई, तुमचा आवाज किती गोड आहे, ऐकत राहावंसं वाटतं.' बायकोने ती प्रतिक्रिया मला मोठ्याने वाचून दाखवली. चॅनल बंद होणार नव्हतं.

सोमवारी मी बोंडं कानांत घातली. खात्यातल्यांनी विचारलं, "आज कोण पाहुणा येतोय?" डॉक्टरकडेही जाऊन आलो. गेलं ते परत येत नाही, उरलेलं जपा, असं ते म्हणाले.

माईकच्या डब्यातल्या कागदावर एक सूचना होती. आवाज लहान येत असेल तर पातळी वाढवत बसू नका, माईक तोंडाजवळ आणा. परवा संध्याकाळी बायको ओट्याशी काहीतरी म्हणाली. नेहमीप्रमाणे 'काय?' असं ओरडायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं, उठलो आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ती पुन्हा म्हणाली, हळूच, की आज पापडीत ओवा घातलाय.