तिसरा आवाज

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीसाला तेहतीस वर्षांत कुणी नावानं हाक मारली नव्हती. लबडब काका, बस्स. प्रात्यक्षिक परीक्षेत हृदयाचे आवाज ऐकायला कुणाची तरी छाती लागते, आणि ती दर वर्षी काकांचीच असायची. सदरा काढायचा, तपासणीच्या बाकावर उशीला टेकायचं आणि चाळीस पोरापोरींचे गार हात सोसायचे. पहिला सांगणार, 'दोन आवाज सर, नॉर्मल.' चाळिसावाही तेच सांगणार. निम्म्यांना काही ऐकू आलेलं नसायचं. एका बहाद्दरानं तर कानात नळ्या न घालताच नॉर्मल सांगितलं होतं, आणि पास झाला होता.

पण गेले सहा महिने काका दमले होते. दमले म्हणजे कसे, तर प्रयोगशाळेच्या एका जिन्याला दोनदा थांबावं लागायचं. संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून दोन उशा घेऊन झोपायचे. एका दुपारी विभागात कुणी नाही असं बघून त्यांनी स्टेथोस्कोप स्वतःलाच लावला. डाव्या कुशीवर वळले, घंटीची, म्हणजे तोंडाची खोलगट बाजू छातीवर हलकेच टेकवली आणि ऐकलं. लब, डब, आणि मागोमाग एक जड, दबका ठोका. तरण्या पोरात तो असला तर हरकत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो कशाचा, हे तेहतीस वर्षं तीच ती व्याख्यानं ऐकलेल्या माणसाला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी स्टेथोस्कोप पुसून जागेवर ठेवला आणि कुणाला काही बोलले नाहीत. घरी बायको चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला उठवायचं, कूस बदलायची, भरवायचं, सगळं काकांनीच. आता यांनाच डॉक्टरांनी वॉर्डात टाकलं तर तिच्याकडे बघणार कोण? रुग्ण व्हायला वेळ लागतो हो, तो या माणसाकडे नव्हता. म्हणून त्यांनी पाठ धरल्याचं निमित्त काढलं आणि कुणासाठी कुशीवर वळायचं बंद केलं. टेबलावरही विभागाचे जुने, नुसत्या सपाट चकतीचे स्टेथोस्कोप मांडायला लागले. चकती वरच्या पट्टीचे आवाज छान देते. तिसरा आवाज खालच्या पट्टीतला, तो तिला सहसा सापडत नाही.

यंदाच्या परीक्षेत एक मुलगी तिसऱ्यांदा बसली होती. हीच शेवटची संधी. यात गेली की डॉक्टर होणं संपलं. अभ्यास उलटं टांगून विचारलं तरी पाठ, पण परीक्षक समोर आले की डोकं बंद पडायचं. मागच्या खेपेला तिनं सांगून टाकलं होतं, की हृदयाचं आकुंचन सुरू झालं की रक्त लगेच बाहेर पडतं. नंतर ती प्रयोगशाळेच्या पायरीवर बसली होती, तेव्हा काका म्हणाले होते, "अगं, खोलीची दोन्ही दारं बंद. रक्त जाईल कुठं? नुसता दाब चढणार."

परीक्षेच्या दिवशी सदतिसावा नंबर तिचा. बाहेरून आलेले परीक्षक सकाळपासून तेच ऐकून कंटाळले होते. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, "पहिल्या आवाजापासून सांग. डावं व्हेंट्रिकल."

"वरच्या कप्प्यातून व्हेंट्रिकलमध्ये उघडणारी मायट्रल झडप मिटते, तो पहिला आवाज," ती म्हणाली. गाडी रुळावर होती. "महाधमनीची झडप अजून उघडलेली नसते. दोन्ही बंद. आत एकशेवीस मिलिलिटर रक्त, ते तेवढंच राहतं, दाब मात्र चढतो. महाधमनीतल्या ऐंशीच्या दाबावर गेला की तिची झडप उघडते. सत्तर मिलिलिटर बाहेर जातं, पन्नास उरतं. मग दाब उतरतो, ती झडप मिटते, तो दुसरा आवाज. पुन्हा दोन्ही बंद. दाब वरच्या कप्प्यापेक्षा खाली आला की मायट्रल उघडते आणि रक्त भराभर आत येतं."

परीक्षकांनी डोळे उघडले. काकांना बरं वाटलं. पोरगी तरली.

"आता ऐक आणि सांग."

तिनं स्वतःचा स्टेथोस्कोप काढला. घाबरल्या हातानं त्याचं तोंड फिरलं आणि चकतीऐवजी घंटी उघडी राहिली. अशा वेळी पोरं काही ऐकू येईना म्हणून गोंधळतात, आणि तरी दोन आवाज म्हणून मोकळी होतात. काकांच्या ते लक्षात आलं. हात थरथरत होता, त्यामुळे घंटी जेमतेम टेकली. नेमकी तशीच टेकायला हवी असते. ती ऐकत राहिली. मिनिटभर. काकांनी छताकडे बघितलं.

"तीन आवाज आहेत, सर."

मागे कुणीतरी हसलं.

"दुसराच दोन तुकड्यांत फाटलेला ऐकला असशील," परीक्षक म्हणाले.

"नाही सर. दुसऱ्यानंतर जरा थांबून येतो. जड आहे."

परीक्षकांनी टेबलावरचा जुना स्टेथोस्कोप उचलला, चकती दाबून लावली आणि चारपाच ठोके ऐकले. "दोनच आहेत. हे बघ, इथवर चांगलं सांगितलंस. पुस्तकात वाचलेलं छातीत ऐकू येत नसतं. पुन्हा विचारतो. किती?"

मुलगी काकांकडे बघत होती. डोळे भरलेले. दोन म्हण गं बाई, काकांनी मनात म्हटलं, दोन म्हण आणि सूट. तिचाही जीव सुटेल आणि आपलाही. घरी बारा वाजता बायकोची कूस बदलायची होती.

"तीनच, सर," ती अगदी हळू म्हणाली. "मला तीनच आले."

परीक्षकांनी पेन उचललं.

काकांना एकदम फार थकवा आला. सहा महिने छाती चोरून बसायचा, जिन्यात कुणी बघू नये म्हणून चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करायचा, सगळा एकदम. आणि या पोरीचा रागही आला, की खरं बोलायला हिला आजचाच मुहूर्त सापडला. ते बाकावर आडवे झाले आणि डाव्या कुशीवर वळले.

"सर," ते म्हणाले, "तिचा घ्या. घंटी लावा, दाबू नका."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. तिच्या हातातून स्टेथोस्कोप घेतला, वाकले. या खेपेला ते चारपाच ठोक्यांवर थांबले नाहीत. मग त्यांनी काकांच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला, भरून येईना.

"दम कधीपासून लागतोय?"

"सहा महिने झाले."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं."

काकांनी घड्याळाकडे बघितलं. परीक्षक मुलीकडे वळले, आता आवाज खाली आणून. "तिसरा आवाज या वयात कशानं येतो?"

"भराभर भरतानाच्या वेळी येतो, सर. व्हेंट्रिकलमध्ये आधीचंच रक्त उरलेलं असतं. पन्नास नाही, जास्त. ऐंशी, शंभरसुद्धा. म्हणून व्हेंट्रिकल ताणलेलं असतं. त्यात वरून आलेलं रक्त आदळून थांबतं, आणि भिंत हादरते."

"आधीचं का उरतं?"

"कारण स्नायूला आता," ती म्हणाली आणि थांबली. आपण कुणाबद्दल बोलतोय ते तिला तेव्हा कळलं. तिचा हात नकळत काकांच्या खांद्यावर गेला होता.

काकांनी मान वळवली नाही.

"सांग, बाळ," ते म्हणाले. "अर्धं उत्तर धरत नाहीत."