फोटूतला डावा

मुर्रीच्या रुख्माबाईच्या हाताखालून निघालेला गोऱ्हा पटावर, बैलांच्या शर्यतीत, कधी अडत नाही, असं गोंदियाच्या शिवारात बोललं जातं. पण पाच-सात वर्षांमागे हीच माणसं तिला हसत होती. बाई माणूस, त्यात रांडमुंड, आणि बैल शिकवते! नांगराला बाईचा हात लागला की जमीन बाटते म्हणणारे म्हातारे मुद्दाम वाट वाकडी करून तिच्या बैलांच्या कोठ्यापुढून जायचे आणि आत डोकावून थुंकायचे. रुख्मा ओळखायची कोण थुंकलं ते. तोंडावर काही बोलायची नाही. मनात मात्र नीट जपून ठेवायची, लोणच्यासारखं.

त्या थुंकणाऱ्यांतला पहिला होता कैलाश, तिचा सख्खा दीर.

तिचा नवरा उदाराम गेला त्याच्या तेराव्यालाच कैलाश दोर घेऊन कोठ्यात शिरला होता. उदारामनं लेकरासारखी वाढवलेली जोडी त्यानं खुंट्यावरून सोडली आणि आंगणातल्या पाव्हण्यांदेखत म्हणाला, "वयनी, बाईनं जुवाले हात लावला का बैल नासते. तू चूल सांभाळ." पाव्हणे पत्रावळीवर होते. कोणी मान वर केली नाही. पुढं दोन हंगाम कैलाशनं ती जोडी शंकरपटात पळवली, ढाली-बक्षिसं मिरवली. तुतारीचा खिळा टोचून टोचून बैलांचे पुठ्ठे सडवले आणि मग बाजारात नेऊन लोटून दिली. रुख्माला कळलं तेव्हा ती बांधावर बसली होती. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी माहेरी गेली, बापाकडून दोन अडाणी गोऱ्हे घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या मानेवर जू ठेवलं.

बैल शिकवायची एक रीत आहे. गोऱ्हा पहिल्यापासून एका अंगाला लावावा लागतो. डाव्या अंगाचा डावाच राहतो, उजव्याचा उजवा. जोडीदार कोणत्या बाजूला आहे हे त्याच्या हाडात बसतं. मग अंग बदललं की तो बिचकतो, ढकलत ढकलत आपली जागा शोधत सुटतो. आणि डावं-उजवं ठरतं ते बैलाच्या मागं उभं राहून, जिथं हाकणारा उभा असतो तिथून. रुख्माला हे आता झोपेतही चुकायचं नाही.

यंदा दवनीवाड्याचा पट दोन दिवसांवर आला असताना तिच्या पोरीनं, दिव्यानं, कोठ्यातल्या बैलांचा फोटो काढला. कॉलेजात जाणारी पोरगी, फोन सदा हातात. गव्हाणीच्या पलीकडून, समोरून काढला. पाच बैल ओळीनं, पाचांची तोंडं फोनकडं. फोटोत डाव्या टोकाला ढवऱ्या होता, पांढराशुभ्र, उंच वशिंडाचा, बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जायची. उजव्या टोकाला काजळ्या, बुटका, एक कान फाटलेला, दिसायला अगदीच दळभद्री. पळायला लागला की मात्र वारं. दिव्यानं फोटो आपल्या स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, 'पटासाठी तयार.'

सांजेला कैलाशचा मेसेज आला. त्याच फोटोखाली.

"डावावाला पायजे. लय देखणा हाय. सकाळी गाडी धाडतो."

दिव्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. रुख्मा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"कोन?"

"कैलाशकाका."

"आला गडी," रुख्मा म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली. "पायानं नाही आला, बोटानं आला. पन आला."

कैलाशच्या जोडीतला डावा बैल चार दिवसांपूर्वी लंगडला होता, हे अर्ध्या तालुक्याला माहीत होतं. पट तोंडावर, कैलाश नाव नोंदवून बसलेला, पानठेल्यावर छाती ठोकून बसलेला. उजव्याला जोड नाही. म्हणून वयनीची आठवण झाली होती.

"पन आई," दिव्या फोन बोटांनी मोठा करत म्हणाली, "हा कोनता मांगून राहिला? फोटूत डावीकडं ढवऱ्या हाय. पन ढवऱ्या त उजव्या अंगाचा. काकाले डाव्या अंगाचा बैल पायजे, त्याचा डावाच त लंगडला. डाव्या अंगाचा म्हंजे काजळ्या. आन मागून पाह्यलं त डाव्या टोकाले काजळ्याच येते."

"मंग?"

"मंग काय, गोल काढून धाडतो ना. फोटूवर ढवऱ्याले लाल गोल करतो, 'हा का?' म्हनून इचारतो. एका मिनिटाचं काम."

"हात नको लावू."

"काऊन?"

रुख्मानं भाकरी उलटली. "वाच पुन्हा. काय लिहिलं?"

"डावावाला पायजे. लय देखणा हाय."

"काजळ्या देखणा हाय का?"

दिव्याला हसू आलं. काजळ्याला देखणा म्हणणारा अजून जन्माला यायचा होता.

"मंग झालं. त्यानं ढवऱ्याच मांगितला. जुवामांग उभं राहून किती वर्षं झाली त्याले? भाड्याचा धुरकरी बैल हाकते, हा कुर्सीवर बसून ढाल घेते. त्याले डावा म्हंजे फोटूतला डावा. बोट ठेवलं का डावा." तिचा आवाज खाली आला. "त्यानं जे मांगितलं ते द्याचं. त्याले जे पायजे ते काऊन द्याचं? ते त्यानं मांगितलंच नाही."

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आन ढवऱ्या पटावर बिचकला त? लोक काय म्हनतील? रुख्माचा बैल भडकला म्हनतील. पुढच्या साली कोन घेईन आपला बैल?"

हे खरं होतं. सहा वर्षांत घाम गाळून कमावलेलं नाव होतं ते, आणि त्या नावावर दोघींचं पोट होतं. रुख्मानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "लिही. 'फोटूतला डावा देत आहो. ढवऱ्या.' एवढंच."

दिव्यानं लिहिलं. पलीकडून अंगठा आला, आणि मागोमाग ढवऱ्याचे पैसे.

सकाळी ढवऱ्याला गाडीत चढवताना त्यानं रुख्माच्या खांद्याला नाक घासलं. तिनं मान फिरवली.

पटाच्या दिवशी दवनीवाड्याच्या धानाच्या बांध्या माणसांनी फुलल्या होत्या. भजी, आलूबोंडे, पिपाण्या, हिंदी-मराठीतून कोकलणारा भोंगा. रुख्मा दाणीच्या, म्हणजे बैल पळायच्या पट्टीच्या, कडेला, दोराला टेकून उभी राहिली. समोर मांडवात जुना पंच बकाराम बसला होता. ज्याच्या तोंडून बैलाचं नाव निघालं की किंमत ठरायची असा माणूस. कैलाश त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, पांढऱ्या कपड्यात, गळ्यात नवा दुपट्टा.

जोडी जुंपताना भाड्याच्या धुरकऱ्यानं ढवऱ्याकडं संशयानं पाहिलं. "मालक, हा डाव्या अंगाले चालते ना?"

"अरे बाप्पा, डावाच मांगितलो ना मी!" कैलाश खुर्चीतूनच ओरडला. "जुप तू!"

ते वाक्य रुख्माच्या कानात मधासारखं उतरलं. स्वतःच्याच शब्दानं गडी स्वतःच फसला होता.

झेंडा पडला. जोडी दहा-वीस पावलं नीट गेली. मग ढवऱ्याला आपल्या उजव्या हाताशी दुसरा बैल दिसला. नको तिथं. त्याची जागा तिकडं होती. तो जोडीदाराला खांद्यानं रेटू लागला, उजवीकडं, उजवीकडं. दुसरा बैल भेदरला. जू तिरपं झालं, छकडी वळली आणि जोडी दाणीबाहेर पडून भज्यांच्या दुकानाकडं सुटली. धुरकऱ्यानं उडी मारली. दुकानदारानं कढई वाचवली, पण पीठ गेलं. माणसं आधी पळाली आणि मग, कोणाला काही लागलं नाही म्हटल्यावर, अशी हसली की भोंगा ऐकू येईना.

कैलाश दुपट्टा सावरत मांडवातून धावला तो थेट रुख्माकडं.

"भडकेल बैल देला मले! माणसाईसमोर इज्जत घेतली माझी! म्हनूनच म्हनतो, बाईच्या हातचा बैल नासते!"

गर्दी गोळा झाली. रुख्मानं पदर नीट केला. "भाऊजी, तुमी मांगितला तोच देला."

"मी डावा मांगितलो!"

"कोनता डावा?"

"डावा म्हंजे डावा!"

रुख्मानं दिव्याच्या हातातला फोन घेऊन त्याच्यापुढं धरला. फोटो, खाली त्याचे शब्द, त्याखाली दिव्याचे, त्याखाली त्याचा अंगठा. "बोट ठेवा. कोनता?"

कैलाशचं बोट अर्ध्यात थांबलं. ढवऱ्यावर ठेवावं तर त्यानंच मागितला होता. काजळ्यावर ठेवावं तर 'देखणा' शब्द खाली डोळे वटारून बसला होता. बकाराम काठी टेकत आला, चष्मा कपाळावर सारून त्यानं फोन जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"कैलाश," तो म्हणाला, "हा तुह्या हातचा डावा, का जुवाचा डावा?"

कैलाश दुपट्ट्याचं टोक पिळू लागला.

"बैलाचे डावं-उजवं मांगं उभं राहून पाहतेत रे. तू समोर उभा राहून पाह्यला. जसा नवरी पाहाले गेल्तास." गर्दीत हशा पिकला. कोणीतरी मागून ओरडलं, "फोटूचा डावा!" आणि ते नाव त्या क्षणी त्याला चिकटलं.

रुख्मा हसली नाही. ती ढवऱ्याकडं गेली होती. जू घासून त्याच्या खांद्यावरची कातडी सोलली होती, रक्त पांढऱ्या केसांतून ओघळत होतं. तिनं पदराचं टोक त्यावर धरलं. बैल थरथरत होता. हे तिनं त्या सांजेला चुलीपुढंच धरलं होतं हिशोबात, तरी डोळ्यांनी पाहणं वेगळं होतं. आणि त्या रक्तानं तिचा राग निवला नाही, उलट चांगला पेटला.

तोवर कैलाशला सुचलं होतं. पट दोन दिवसांचा होता. उद्या उरलेल्या जोड्यांत अजून एक फेरा मिळत होता. तो जवळ आला, आवाज लोण्यासारखा. "वयनी, झालं ते झालं. हा घे परत. तो दुसरा, कानफाट्या, तो दे. आपलं घरचंच हाय ना."

"आधी माणसाईले सांगा."

"काय?"

"का बैल चुकला नाही. सांगनारा चुकला."

कैलाशनं इकडंतिकडं पाहिलं. बकाराम उभाच होता, आणि त्याच्यामागं हसायला टपलेली पन्नास तोंडं. उद्याचा फेरा, पानठेल्यावरची फुशारकी, सगळं त्या एका वाक्यावर अडलं होतं.

"बैल बरोबर होता," तो मातीकडं बघत पुटपुटला.

"मांगच्याले आयकू नाही आलं."

"बैल बरोबर होता! रुख्मावयनीनं शिकवला तसाच होता! मलेच डावा समजला नाही!"

बकारामनं मान हलवली. "आयकलं सगळ्यायनं. रुख्माच्या बैलात खोट नाही." पंचाच्या तोंडून ते निघालं आणि दिव्यानं धरून ठेवलेला श्वास सोडला.

रुख्मानं ढवऱ्याचा कासरा हातात गुंडाळला. "पैसे दिव्या आत्ताच धाडते परत. चाल रे ढवऱ्या."

"आन कानफाट्या?" कैलाश मागं धावला. "तू म्हनली ना..."

"मी सांगा म्हनली. देतो नाही म्हनली. काजळ्या इकाचा नाही. बाईच्या हातचा हाय, नासेल तुमच्या घरी."

"वयनी! उद्या दाणीवर मी काय जुपू?"

रुख्मा वळलीसुद्धा नाही.

"फोटू जुपा, भाऊजी."