सत्तर टक्के सवलतीची गोळी

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत मेडिकलचं दुकान चालवायचं तर फार्मसीच्या पदवीइतकंच थोडं नाटकही अंगात असावं लागतं. माझ्याकडे दोन्ही आहे. पदवी भिंतीवर टांगलेली आहे, आणि नाटकाबद्दल गिऱ्हाइकांना विचारा. उखडलेल्या सासूला खोकल्याचं औषध देताना मी कशी गंभीर होते, हे बघायला शेजारच्या कापडदुकानातली बाई खास उठून येते.

आमच्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी फारसं कुणी आणत नाही. आणतात ते रिकामं पाकीट. गोळ्या संपल्या की ते खिशात घालायचं, बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर ठेवायचं आणि म्हणायचं, "हेच द्या." कधी अख्खं पाकीट असतं, कधी कात्रीनं कापलेला नुसता कोपरा. तेरला उत्खननात मातीतून निघालेल्या खापराच्या तुकड्यावरून जाणकार अख्खा रांजण सांगतात म्हणे. मी त्या कोपऱ्यावरच्या अडीच अक्षरांवरून गोळी सांगते, आणि सांगताना भुवई अशी उंचावते की समोरच्याला वाटावं, बाई पोचलेली आहे. वीस वर्षं हा खेळ मी मोठ्या हौसेनं केला. तो चुकीचा होता, हे मला दुकानातल्या पुस्तकांनी नाही, एसटीच्या एका निवृत्त कंडक्टरांनी सांगितलं.

त्यांना सगळं गाव मामा म्हणतं, मीही म्हणते. मामींना तरुणपणापासून फिट यायच्या. रोजच्या गोळीनं त्या थांबल्या, त्याला आता अकरा वर्षं झाली. मामी पिठाची गिरणी चालवतात. जुनी, पट्ट्यावर फिरणारी. दिवसभर त्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर उभ्या असतात. फिट आली तर तोल थेट पट्ट्यावर, त्यामुळे ती नुसती गोळी नव्हती.

एका सकाळी मामा पार्सल घेऊन दुकानात आले आणि ते काउंटरवर असं ठेवलं, जसं एखाद्यानं पत्त्याच्या डावात हुकमाचा एक्का ठेवावा.

"ताई, आता दुकानाला कुलूप लावा."

"का हो मामा? मी काय केलं?"

"तुमी काय करनार? तुमचं काम मोबाईलनं केलं. तीन महिन्यांच्या गोळ्या. सत्तर टक्के सूट. घरपोच."

"चिठ्ठी मागितली का त्यांनी?"

"न्हाय. खाली पाकिटाचा फोटू पाठवला, झालं काम. लई सज्जन लोकं हायेत."

मी खोका हातात घेतला. त्या क्षणी मला थोडा मत्सर वाटत होता, हे कबूल करते. गिऱ्हाईक गेलं की पोटात दुखतंच. पण खोका बघता बघता दुखणं दुसऱ्या जागी सरकलं. खोक्यावर मुदतीच्या तारखेवर पुढची तारीख छापलेली एक चिकटपट्टी होती. नखानं उचलली तर खाली दुसरी तारीख, दोन महिन्यांपूर्वीच सरलेली. खोक्यावरचा बॅच नंबर एक आणि आतल्या पाकिटांवरचा वेगळा. पार्सलमध्ये बिल नव्हतं.

"मामींनी यातली घेतली का?"

"अजून न्हाय. जुन्या तीन दिवसांच्या उरल्यात."

मी स्टुलावर बसले. मामांनाही दुसरं स्टूल दिलं. "मामा, तुम्ही तीस वर्षं पास तपासले. एखादा माणूस खोटा पास दाखवायचा, तेव्हा काय बघायचात?"

"सगळंच बघायचो. शिक्का, तारीख, फोटू, आनि त्याचं तोंड."

"मग हे तपासा. मी बोलणार नाही."

मी बोलणार नाही असं म्हटलं की शेजारणीला कळतं, आता खेळ सुरू. ती दारात येऊन उभी राहिली.

मामांनी मोबाईलवर ती वेबसाइट उघडली. वरतीच मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही. मी मामांना आमच्याकडच्या पाकिटावर डाव्या कोपऱ्यातली Rx ही खूण आणि उभी लाल रेघ दाखवली. ही ज्या औषधावर असते, ते चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, असा कायदा आहे. ऑनलाइन असो की काउंटर. जो दुकानदार हीच गोष्ट जाहिरातीत मिरवतो, तो बाकीचं काय पाळणार?

"पन कुलूप हाय की," मामा म्हणाले. वेबसाइटच्या पत्त्याच्या पट्टीतलं ते कुलपाचं छोटं चिन्ह त्यांनी बोटानं दाबून धरलं होतं.

"ते कुलूप रस्त्याचं आहे, मामा. तुमचं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाही, एवढंच. घरात कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही."

"आनि लोकांनी दिलेल्या ह्या पाच पाच चांदन्या?"

"लग्नपत्रिकेत कुणी नवरदेवाची निंदा छापतं का?"

शेजारीण हसली. मामा हसले नाहीत. ते आता खरंच तपासायला लागले होते. पत्ता शोधला, सापडला नाही. फोन नंबर नव्हता, फक्त व्हॉट्सअ‍ॅप. पैसे गेले होते ते दुकानाच्या नावावर नाही, कुणा एका माणसाच्या खात्यात. जबाबदार फार्मासिस्टचं नाव कुठंच नव्हतं. मग त्यांना परवान्याचा एक फोटो सापडला आणि ते खुलले. "हे बघा. हाय की परवाना."

मी भिंतीकडे बोट केलं. तिथं माझा परवाना काचेत आहे. मामा उठून गेले, चष्मा वर सारून तो वाचला. दुकानाचं नाव, पत्ता, नंबर, मुदत, सगळं. मग मोबाईलमधला वाचला. त्यात नाव दुसऱ्याच दुकानाचं होतं आणि पत्त्याची ओळ धूसर केलेली. मी औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात फोन लावला. तिथल्या निरीक्षकांनी नंबर तपासून सांगितलं, हा परवाना दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दुकानाचा होता, आणि तो रद्द झालेला आहे. पार्सलमधलं काही वापरू नका, फेकूही नका, आहे तसं आमच्याकडे आणून द्या.

मामांनी मोबाईल काउंटरवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे गोळी खोटी हाय?"

इथं मला छाती ठोकून हो म्हणायचा मोह झाला होता. समोर प्रेक्षक होते. पण खरं ते सांगितलं. "माहीत नाही, मामा. आत खडू असेल, अर्धं औषध असेल, किंवा नेमकं तेच असेल. ते प्रयोगशाळा सांगेल. आपल्याला कळायला मार्ग नाही, आणि फिटच्या गोळीत नाही म्हणायला तेवढंच पुरतं."

"मग सूट तरी कशी दिली एवढी?"

तेही सांगितलं. सूट असली म्हणजे लबाडीच, असं नाही. काही औषधांची छापील किंमतच फुगवलेली असते, त्यांवर चांगला दुकानदारही बरीच सूट देऊ शकतो. सरकारी जेनेरिकच्या दुकानातही औषध स्वस्त मिळतं आणि ते खरं असतं. पण या गोळीची किंमत सरकारनं बांधलेली आहे. माझ्या हातात छापील किमतीतले सोळा टक्केच नफा म्हणून पडतात. मग कुणी सत्तर टक्के सोडत असेल, तर माल तरी कुठनं आणला?

मला वाटलं, खेळ जिंकला. मी उठून रॅकवरून मामींची नेहमीची गोळी काढायला हात घातला, आणि मामा म्हणाले,

"ताई, तुमी चिठ्ठी न्हाय मागितली."

"अहो, मी तुम्हाला ओळखते."

"ते लोकं बी व्हॉट्सअ‍ॅपवर म्हनले, मामा आमी तुमाला ओळखतो." त्यांनी खोका माझ्याकडे सरकवला. "चिठ्ठी न्हाय मागत, म्हनून ते लबाड. मग तुमी कोन?"

शेजारणीनं तोंडाला पदर लावला. वीस वर्षांत पहिल्यांदा माझी भुवई खाली आली. रॅकवरचा हात मी रिकामाच मागे घेतला.

तेवढ्यात मामी आल्या. अंगावर पिठाची पांढरी साय, कुणीतरी गिरणीवर निरोप पोचवला असणार. मामांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यांनी पार्सलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"गोळी खोटी निघाली असती, तर पट्टा मला इचारून थांबला असता व्हय?"

"मला काय ठाव," मामा म्हणाले. "स्वस्त दिसली."

"आनि माझी चिठ्ठी कुठंय?"

चिठ्ठी निघाली घरातल्या पत्र्याच्या डब्यातून, चार वर्षांपूर्वीची. चार वर्षं मी मामींना कोपऱ्यावरून ओळखलेली गोळी देत होते. गोळी बरोबरच होती. पण तेवढ्या काळात त्यांचं वजन बदललं का, रक्त तपासलं का, कमी-जास्त करायला हवं का, हे ना मी विचारलं ना त्यांनी सांगितलं. जे त्या वेबसाइटनं एकदा केलं, ते मी चार वर्षं केलं होतं, फक्त बिल देऊन.

जुन्या गोळ्या तीन दिवसांच्या होत्या. ही गोळी एकदम बंद करायची नसते, बंद केली की फिट येण्याची भीती असते. म्हणून मी म्हणाले, "परवापर्यंत धाराशिवला डॉक्टरांना दाखवून या. चिठ्ठी आणा, मी गोळी बाजूला काढून ठेवते."

"आनि न्हाय जमलं तर?" मामांनी विचारलं.

"मग मी दुकान बंद करून तुम्हाला घेऊन जाईन. पण पाकिटावर देणार नाही."

मामी दुसऱ्याच दिवशी गिरणी बंद ठेवून मामांसोबत गेल्या. रक्त तपासलं, डोस तोच राहिला, नवी चिठ्ठी मिळाली आणि डॉक्टरांची बोलणी मामांनी खाल्ली. पार्सल मामांनी स्वतः निरीक्षकांकडे पोचवलं.

नंतरचे महिने माझ्या धंद्याला वाईट गेले. चिठ्ठी मागितली की लोक माझ्याकडे असे बघत, जसं मी त्यांच्या आईला जामीन नाकारतेय. एकजण म्हणाला, "बाईला काय झालं?" दुसऱ्यानं सांगितलं, "कंडक्टर चावला." काही गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली. काही परत आली, हातात चिठ्ठी घेऊन, फाशीची शिक्षा झाल्यासारखी तोंडं करून. जे चिठ्ठी आणतात त्यांना मी आता चहा पाजते.

आणि मामा? तीन महिन्यांनी ते पुन्हा एक पार्सल घेऊन आले. माझं तोंड पडलं.

"घाबरू नका. आधी ऐका." ही दुसरी वेबसाइट होती. तिनं चिठ्ठी अपलोड करायला लावली. तिथल्या फार्मासिस्टचा घरी फोन आला, मामींना नाव विचारलं, डोस विचारला, आणि चिठ्ठीतली एक ओळ वाचता येईना म्हणून पुन्हा स्पष्ट फोटो मागवला. मामांनी त्यांचा परवाना नंबर घेऊन जिल्हा कार्यालयात विचारून खात्री केली होती. सूट बारा टक्के.

"तुमीच शिकवलं," मामा म्हणाले आणि बिल माझ्यासमोर पसरलं.

बिलावर दुकानाचा पत्ता होता, परवाना नंबर होता, डॉक्टरांचं नाव, मामींचं नाव, बॅच, मुदत. खोक्यावरचा बॅच आणि पाकिटावरचा बॅच एकच. मी ते उन्हात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मामा शांतपणे उभे होते. बिलात खोट नव्हती. शोधली मात्र मी अगदी मन लावून.