वेल्डिंग टिकलं

मी वेल्डर आहे आणि चांगला वेल्डर आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी कच्चा असतो तर पुढचं काही झालंच नसतं. हात लावायलाच घाबरलो असतो, आणि माझे दाजी आज उजव्या हाताने जेवत असते.

चाकणच्या पट्ट्यात आमची छोटी कंपनी आहे. मोठ्या गाडी कारखान्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या, रॅक आणि ॲल्युमिनियमच्या पेट्या आम्ही बनवतो. ॲल्युमिनियमचं जोडकाम माझ्याकडे. त्याला आमच्याकडे सगळे ‘आर्गन’ म्हणतात, कारण जोडताना त्या गॅसचं पांघरूण धातूवर धरावं लागतं. तसलं काम जमणारे हात आमच्या लायनीत दोनच, आणि दुसऱ्याला माझ्याएवढं जमत नाही. हे मी एकेकाळी छाती फुगवून सांगत असे.

प्रत्येक कंपनीत असते तशी आमच्याकडेही एक रीत होती. घरचं काही मोडलं की जेवणाच्या सुट्टीत आणायचं आणि वेल्डरने ते जोडून द्यायचं. इडलीपात्राचा कान, फाटकाची बिजागरी, कुणाच्या सासूच्या वॉकरचा पाय. सुपरवायझर तेवढा वेळ दुसरीकडे बघायचा, कारण त्याचीही शिडी मीच जोडली होती. माझ्या हातून गेलेली वस्तू परत आली नाही, हा माझा लौकिक होता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. लातूरकडून आम्ही दोघं एकाच वर्षी इकडे आलो आणि मोशीत एकाच चाळीत राहिलो. ते आमच्या शेजारच्या कंपनीत ठेकेदाराकडे होते, पाने घेऊन बोल्ट आवळायचं काम. पहिली शिफ्ट सातची. पाच मिनिटं उशीर झाला की ठेकेदाराचा माणूस फाटकावरूनच परत पाठवायचा, आणि महिन्यात तीनदा परत गेलं की नाव कापलं. त्या रस्त्यावर कंटेनरांची रांग अशी अडकते की बसचा भरवसा नाही. सायकल मात्र कडेकडेने निघून जाते. म्हणून आम्ही दोघंही सायकलवाले.

माझी सायकल जुनी, काळी, लोखंडी. पोलाद म्हणायला हवं, पण तसं कोण म्हणतं! वजन इतकं की जिन्यावरून नेताना मीच हमाल व्हायचो. कुरुळीच्या अलीकडे एकदा ती गुडघाभर खड्ड्यात गेली आणि पुढचं चाक धरणारा चिमटा मागे वाकला. पायडल मारताना माझा अंगठा चाकाला घासायला लागला, तेव्हा कळलं. रस्त्याकडेच्या दुकानदाराने ठोकून सरळ केला. नंतर एकदा सीटखालच्या सांध्याशी रंगात गंजाची केसाएवढी रेघ दिसली. आठवडाभर ती लांबत होती, कुरकुरत होती. मग मी ती घासून जोडली आणि पुढे कित्येक पावसाळे तिच्यावर बसलो. लोखंड मोडायच्या आधी तक्रार करतं. मला वाटायचं सगळेच धातू तसे बोलतात.

दाजींनी जुन्या बाजारातून गिअरची ॲल्युमिनियमची सायकल आणली. हलकी, जाड नळ्यांची, लाल. पहिल्याच दिवशी मला मागे टाकून ओरडले, “पाव्हणं, रणगाडा जरा हाणा की!” चढाला ती खरंच पळायची. पण टायर बारीक आणि खच्चून हवा भरलेले, त्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मनगटात यायचा. संध्याकाळी ते माझी वाट बघत आमच्या फाटकावर उभे राहायचे तेव्हा हात झटकत असायचे.

तिसरी सायकल आमच्या क्वालिटीच्या साहेबांची, कार्बनची, म्हणजे धाग्यांचे थर चिकटवून केलेली. ते भोसरीहून यायचे. एकदा त्यांनी मला आवारात एक फेरी मारू दिली. एका बोटावर उचलावी इतकी हलकी, आणि खडीवरूनही हाताला झिणझिण्या नाहीत. मी कौतुक करायला लागलो तर म्हणाले, “निम्म्याहून जास्त सुख टायरचं आहे. रुंद टायर घाला, हवा थोडी कमी ठेवा, तुमचीही अशीच चालेल. फ्रेमचा वाटा त्यामानाने थोडा.” स्वतःच्याच महागड्या वस्तूचं असं कौतुक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ती सायकल एकदा दगडावर आपटली. वर दिसायला रंगाची एक टिकली उडाली होती, बाकी काही नाही. साहेब नाणं घेऊन नळीवर टिचक्या मारत बसले. सगळीकडे टण टण, आणि त्या टिकलीपाशी ढप. “आत थर सुटलेत,” म्हणाले, आणि त्या दिवसापासून सायकल बंद. कार्बनचं काम करणाऱ्या माणसाकडे तेवढा भाग कापून नवे थर चढवेपर्यंत ते रिक्षाने येत राहिले. आम्ही कँटीनमध्ये खूप हसलो. मी तर टेबलावर नाणं वाजवून विचारलं, “वरण आतून सुटलंय का बघा.”

पावसाळा सरता सरता दाजींच्या सायकलला तडा गेला. पुढच्या चिमट्याच्या वर जी आडवी-तिरकी मोठी नळी येऊन मिळते, तिच्या पोटाशी, जोडाच्या कडेला. दाजींना तो सायकल पुसताना दिसला. त्या महिन्यात त्यांना दोनदा फाटकावरून परत पाठवलं होतं. तिसऱ्यांदा चालणार नव्हतं. ताईचा चेहरा उतरला होता. दाजी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, “तुमी हायसा की.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चाकं, हँडल काढून फ्रेम टेबलावर घेतली. साहेब तिथून चालले होते. थांबले, वाकून तडा बघितला आणि म्हणाले, “ही जोडू नका.”

मी म्हणालो, “साहेब, ॲल्युमिनियम माझं रोजचं आहे.”

“तुमच्या हाताबद्दल बोलत नाहीये मी. ही नळी भट्टीत तापवून, विझवून, मग तासन्‌तास शेकून कडक केलेली असते. तुम्ही जोडलंत की त्या उष्णतेने शेजारची नळी मऊ पडणार. पुन्हा सगळी फ्रेम भट्टीत घालावी लागेल, आणि ती सोय आपल्याकडे नाही. लोखंडाला तेवढं चालून जातं, हिला नाही. शिवाय ही खड्डे खाऊन थकलेली आहे. आज इथे तडा आहे, उद्या दुसरीकडे येईल. यावरचं सामान काढा आणि एखाद्या जुन्या लोखंडी फ्रेमवर चढवा.”

त्यांचं बोलणं मला समजलं होतं. नव्हतं समजलं असं मी नंतर पुष्कळदा स्वतःला पटवून पाहिलं, पण ते खोटं आहे. आमच्या पेट्यांचे पत्रे जोडाशेजारी लवकर वाकतात हे मी रोज बघत होतो. मात्र भोवती चार जण डबे घेऊन उभे होते आणि नाणं वाजवणारा माणूस मला माझं काम शिकवत होता. मी “बरं साहेब” म्हणालो आणि ते वळताच तोंडावर काच ओढली.

काम सुरेख झालं. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला भोक पाडलं, खाच घासली, ॲसिटोनने पुसलं, भरण इतकं सारखं बसलं की मासळीच्या खवल्यांसारखं दिसत होतं. वर कंपनीतली लाल-पांढऱ्या फवाऱ्याची तपासणीही केली. लाल रंग तड्यात शिरतो, पुसून पांढरं मारलं की तडा लाल उमटतो. पांढरं स्वच्छ राहिलं. मी ते सगळ्यांना दाखवलं. आमच्या पेट्या ज्या तपासणीने पास होतात, तीच मी माणसाच्या जिवाला लावली. त्या फवाऱ्याला भेग दिसते. धातू मऊ पडलाय हे त्याला दिसत नाही.

मी दाजींना आठवडाभर माझ्या कॅरिअरवर बसवून नेऊ शकलो असतो. माझी सायकल तेवढं वजन हसत ओढते. तेवढ्यात लोखंडी फ्रेम मिळाली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही असंही नाही. सुचलं होतं.

पाचव्या आठवड्यात, सकाळी सव्वासहाला, आम्ही कुरुळीच्या पुढे होतो. रात्री पाऊस झाला होता आणि खड्डे पाण्याने भरून रस्त्याइतकेच सपाट दिसत होते. दाजी माझ्यापुढे दहा हातांवर. त्यांचं पुढचं चाक पाण्यात गेलं आणि बाहेर आलं. मोठा खड्डा नव्हता तो. मग वाळकी काठी मोडावी तसा आवाज झाला, चाक आणि हँडल खाली घुसलं आणि दाजी तोंडावर गेले. ना कुरकुर, ना रेघ. काही नाही. मागचा टेंपोवाला वेळेवर थांबला म्हणून मी आज विधवा बहिणीबद्दल लिहीत नाहीये.

पुढचे चार दात गेले, जबडा तारांनी बांधला, आणि उजवं मनगट असं चुरलं की आत धातूची पट्टी घालूनही मूठ वळेना. ज्या माणसाची मूठ वळत नाही तो पाना धरत नाही. ठेकेदाराने नाव कापलं. त्यासाठी तीनदा उशीर व्हावा लागला नाही.

मोडकी फ्रेम मी कंपनीत नेली. साहेबांनी ती उजेडात धरली. माझा जोड जसाच्या तसा होता. एका बोटाच्या अंतरावर, नुसत्या नळीत, ती तुटली होती. फ्रेम टेबलावर ठेवून ते निघून गेले, आणि संध्याकाळी मी ती घरी परत आणली.

जबडा सुटल्यावर घरी माणसं बघायला येऊ लागली. दाजी फ्रेम दाखवून प्रत्येकाला सांगायचे, “पाव्हण्याचं वेल्डिंग न्हाई तुटलं. नळीच हलकी निगाली.” ताई मान डोलवायची. दोन महिने मी ते ऐकत बसलो. न जेवता उठलो तर ताई विचारणार, म्हणून तिने वाढलेलं ताट संपवायचो.

शेवटी एका रविवारी ताई बाजारात गेलेली असताना मी बोललो. दाजी डाव्या हाताने वरणभात कालवत होते. मी म्हणालो, “दाजी, साहेबांनी मला सांगितलं होतं जोडू नको म्हणून. नळी मऊ पडेल म्हणाले होते. मी ऐकलं नाही.”

ते कालवायचे थांबले. मला वाटलं ताट अंगावर येईल. यावं असंच वाटत होतं.

“मला म्हाईत हाय,” दाजी म्हणाले. “सायबानं त्याच दिशी सांजच्याला फाटकावर गाठून मलाबी सांगितलं व्हतं, बसू नका हिच्यावर म्हून.”

मी विचारलं, “आणि तरी तुम्ही बसलात?”

“त्यास्नी म्हनलं, आमच्या पाव्हण्यानं जोडलीया.” एवढं बोलून त्यांनी डाव्या हाताने घास उचलला. निम्मा शर्टावर सांडला, आणि मी तो पुसायला उठलो.